पुठ्ठ्याची खिडकी

माझी थोरली बहीण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती आणि सातवीत माझ्याच वर्गात होती. पाचवीत एकदा नापास, सहावीत एकदा नापास. मी आपली मागून सावकाश येत तिला गाठलं. वर्गात माझा पहिला नंबर ठरलेला, तिचा शेवटून पहिला. अशा दोघींत हेवा कुणी कुणाचा करावा? मी तिचा करायचे. आणि थोडाथोडका नाही, जेवणाचा घास कडू व्हावा इतका.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आण्णा, म्हणजे आमचे वडील, उस्मानाबादकडचं गाव सोडून पिंपरीच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंग खात्यात लागले होते. आमची चाळ चिंचवडला, रुळांच्या पलीकडे. आण्णा फर्स्ट शिफ्ट करून सायकलवरून घरी आले की चहा पिता पिता ताईला हाक मारायचे. कंपनीत काय झालं, युनियनवाले काय म्हणाले, सुपरवायझर का चिडला, सगळं तिला सांगायचे. ताई गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकायची आणि मधेच एखादा प्रश्न असा विचारायची, की आण्णा कपातला चहा विसरायचे. "ह्या लेकराला सगळं उमगतंय बघ," असं आईला म्हणायचे. माझं प्रगतिपुस्तक समोर धरलं तर "बरं" म्हणून सही करायचे. पहिल्या नंबराला "बरं", आणि शेवटच्या नंबराशी तासभर गप्पा!

रेडिओवर नाटक लागलं की शेजारच्या बायका आमच्याकडे जमायच्या. नाटक संपल्यावर "ती सून शेवटी गप्प का बसली गं?" असं त्या विचारायच्या, आणि तेही मला नाही, ताईला. मी मोठ्याने जांभया द्यायचे.

पण पुस्तक हातात आलं की हीच ताई परकी व्हायची. बोट लावून एकेक अक्षर वाचायची. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' तिला कायम चकवायचे. जोडाक्षर आलं की बैलगाडीचं चाक खड्ड्यात अडकावं तशी थांबायची. एक ओळ संपवून दुसरीवर यायच्या ऐवजी तिसरीवर जायची. वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. लिहिताना काना-मात्रा कुठल्या कुठे. "हिच्या डोक्यात बटाटे भरलेत," असं चार वर्षं प्रत्येक मास्तर म्हणत आले होते. मला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? घरात ती माझ्यापुढे होती, म्हणून शाळेत तरी मी तिच्यापुढे असायलाच हवी होते.

त्या वर्षी आण्णांनी एक गोष्ट ठरवून टाकली. गावाकडे आत्याने ताईसाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं. ताईला चौदा पूर्ण झाली होती. "यंदा पास झाली तर आठवीला घालू. न्हाई तर आपलं गावाकडंच बरं. आपण तरी किती दिवस लेकराचे हाल बघायचे?" आण्णा हे दुःखानंच म्हणाले होते. त्या दिवसापासून ताई सकाळी लवकर उठून पुस्तक घेऊन बसायला लागली, आणि तिचं ते अडखळत वाचणं ऐकत मी पांघरुणात पडून राहायचे.

दिवाळीनंतर मराठीला नव्या बाई आल्या. पुण्याहून बसने यायच्या, खांद्याला कापडी पिशवी. पहिल्या आठवड्यात त्यांनी ताईला उभी करून धडा वाचायला लावलं. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी ताईला थांबवून घेतलं. मी दाराआड उभी राहिले, कारण माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला मधल्या सुट्टीत थांबवायची पद्धत नव्हती.

बाईंनी तिला एक लहानसा उतारा वाचायला दिला आणि त्यावर पाच प्रश्न विचारले. ताईला एकही धड आला नाही. मग बाईंनी तेवढाच लांब दुसरा उतारा स्वतः वाचून दाखवला आणि पुन्हा पाच प्रश्न विचारले. ताईने पाचही उत्तरं दिली. पाचव्याला तर तिने बाईंनाच उलटा प्रश्न केला.

"अगं, तुला वाचायला जड जातंय. समजायला नाही," बाई म्हणाल्या. "या दोन गोष्टी वेगळ्या आहेत."

चार वर्षांत हे वाक्य तिला कुणी ऐकवलं नव्हतं. ती रडायला लागली, आणि बाईंनी पिशवीतला रुमाल काढून तिच्या हातात दिला. निळ्या काठाचा होता. मला तो रुमाल हवा होता.

बाईंच्या भाच्याला असाच त्रास होता. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला डिस्लेक्सिया असं नाव सांगितलं होतं. आमच्या शाळेत तो शब्द कुणी ऐकलेला नव्हता. बाई एका रविवारी आमच्या घरी आल्या, आण्णांना हे सगळं समजावलं. आण्णांनी एवढंच विचारलं, "म्हणजे बाई, लेकराची चूक न्हाई म्हणा की." बाईंनी मान हलवली. आईने त्यांना पोहे केले, आणि ताटली घेऊन माझ्या पहिल्या नंबराबद्दल बोलायला मी पुढे झाले, तर बाई म्हणाल्या, "हो, तू हुशार आहेसच." त्या 'आहेसच'मध्ये विषय संपला होता.

त्यानंतर ताईचे लाड सुरू झाले. मी तेव्हा त्याला लाडच म्हणायचे. आण्णा कंपनीतून औषधाची रिकामी खोकी आणायचे, आई ती उलगडून फळीवर अंथरायची. त्यातल्या एका पुठ्ठ्याची बाईंनी पट्टी कापली आणि तिच्या मधोमध एका ओळीएवढी खिडकी पाडली. ती पानावर ठेवली की एकच ओळ दिसायची, बाकीच्या झाकून जायच्या. ताईची ओळ सुटणं बरंच कमी झालं. मीही गुपचूप एक पट्टी कापून आणली. बाईंनी ती बघितली आणि म्हणाल्या, "तुला नको आहे गं ही." मी घरी जाऊन ती चुलीत घातली.

चाचणी परीक्षेत उताऱ्यावरच्या प्रश्नांना वीस गुण होते. आमची चाचणी झाल्यावर बाईंनी ताईला वेगळ्या खोलीत बसवलं. आम्हाला चाळीस मिनिटं, तिला तास. आधी नुसता वेळ वाढवून बघितला होता, पण अक्षरांशी झगडून ती इतकी दमायची की प्रश्नांपर्यंत जीवच उरायचा नाही. म्हणून या वेळी बाईंनी उतारा वाचून दाखवला, ती म्हणेल तितक्यांदा. एकाही शब्दाचा अर्थ सांगितला नाही. ताईने उत्तरं तोंडी दिली, बाईंनी ती शब्दाला शब्द लिहून घेतली. वाचनाची परीक्षा मात्र तिला सगळ्यांसारखीच द्यावी लागली, शुद्धलेखनाचीही, आणि त्यात तिला मिळायचे तेवढेच गुण मिळाले. "वाचता येतं का हे बघायचं असेल तेव्हा तुझं तू वाचायचं. समजतं का हे बघायचं असेल तेव्हा मी वाचणार," बाई तिला म्हणाल्या होत्या. आज ऐकायला किती सरळ वाटतं.

उताऱ्यात ताईला सतरा पडले. मला चौदा.

मी उताऱ्यातली वाक्यं जशीच्या तशी उचलून उत्तरात उतरवत असे. आजवर त्यालाच पैकीच्या पैकी मिळत आले होते. बाईंनी माझ्या वहीत लाल शाईने लिहिलं, "हे उताऱ्याचं म्हणणं झालं. तुझं काय?" आणि वर्गापुढे ताईचं उत्तर वाचून दाखवलं. चाळीस मुलं ऐकत होती. ताई खाली मान घालून पट्टीच्या खिडकीवरून बोट फिरवत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांच्या खोलीत गेले. आमचे हेडसर चिंचवडच्याच जुन्या घरातले, पांढरी टोपी, बोलणं गावचं. मी सांगितलं, "सर, बाई ताईला उत्तरं सुचवतात." दाराआडून मी सगळी चाचणी ऐकली होती. बाईंनी एक अक्षर सुचवलेलं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

सरांनी बाईंना बोलावलं. बरीच वादावादी झाली. बाई म्हणाल्या की ही सवलत काढून घेतली तर वार्षिक परीक्षेत मुलगी नक्की नापास होईल, आणि ती नापास झाली तर काय होणार ते आपल्याला तिच्या वडिलांनी सांगितलंय. सर बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवत बसले. मग त्यांनी असा तोडगा काढला, की तसा फक्त आमच्या हेडसरांनाच सुचला असता.

"बाई, तुमच्यावर आळ आलाय, तवा तुमी वाचायचं न्हाई. वाचंल ती ह्या पोरीची बहीण. हिनंच तक्रार केलीया. ही काय मेली तरी उत्तर सुचवायची न्हाई." ते माझ्याकडे बघून हसले. "व्हय ना गं? आन लिहून मी घेईन."

बाई म्हणाल्या की बहिणीने वाचणं बरोबर नाही, कुणी तिऱ्हाइताने वाचावं. सर म्हणाले, तिऱ्हाइताचं काय सांगावं, त्याला दया यायची. हिला न्हाई येणार.

सरांचा हिशेब चोख होता. सुचवण्याचा सगळा बंदोबस्त त्यांनी केला. दुसऱ्या बाजूने काय होऊ शकतं, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

वार्षिक परीक्षेच्या दिवशी सकाळी आमचा मराठीचा पेपर झाला. तोवर ताई बाईंबरोबर शिक्षकांच्या खोलीत बसली होती, तिला कुणाशी बोलता येऊ नये म्हणून. माझा पेपर झाल्यावर मला हेडसरांच्या खोलीत नेलं. ताई टेबलापुढे खुर्चीवर बसली होती. खुर्चीवर! सर पेन उघडून बसले होते. तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला. मी मात्र उभी. तिने माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. तिच्या ओठांना कोरड पडली होती. या एका तासावर तिची आठवी होती हे मला माहीत होतं. माहीत असूनही माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता हिला माझ्यापेक्षा जास्त पडणार.

उतारा एका नावाड्याचा होता. नदीवर पूल बांधायचं ठरतं. आपला धंदा बुडणार म्हणून नावाडी चिडतो, पूल बांधायला आलेल्या इंजिनिअरला नावेत घेत नाही. पुढे पूर येतो, नावाड्याची बायको तीन दिवस पलीकडच्या काठावर अडकते आणि नाव घालायची त्याची छाती होत नाही; पूर ओसरल्यावरच ती घरी येते. दुसऱ्या दिवसापासून तो पुलाच्या कामावर दगड वाहू लागतो. शेवटी पूल होतो, आणि नावाडी आपली नाव पुलाच्या खांबाला बांधून ठेवतो.

प्रश्न पाच. तिसरा होता, 'नावाड्याचे मन का बदलले?' चौथा, 'पूल झाल्यावर नावाड्याला आनंद झाला असेल की दुःख? कारण सांगा.'

मी वाचायला सुरुवात केली. आवाज सपाट ठेवला, पूर्णविरामाला थांबले नाही. आणि पुराचं ते लांबलचक वाक्य आलं तेव्हा मी ते वाचलं नाही. डोळ्यांनी त्याच्यावरून गेले आणि थेट "दुसऱ्या दिवसापासून" इथून पुढे वाचलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

सर कागदावर समास आखत होते. त्यांना काही कळलं नाही.

ताई म्हणाली, "परत वाच ना." मी परत वाचलं. तसंच.

तिने डोळे मिटले. कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाली, "मधलं काहीतरी राहिलंय."

"काही राहिलं नाही. एवढंच आहे," मी म्हणाले.

"नाही गं." ती मला नाही, सरांना सांगायला लागली. "सर, हा माणूस इंजिनिअरला नावेतसुद्धा घेत नव्हता. आणि दुसऱ्या दिवसापासून दगड वाहतो? कशाच्या दुसऱ्या दिवसापासून? मधे काहीतरी मोठं झालेलं असणार. त्याच्या घरातल्याच कुणाला तरी. नाहीतर एवढा चिडलेला माणूस दगड उचलणार नाही."

सरांचं पेन थांबलं. त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. माझ्या बोटांचा घाम त्याला लागला होता. ते ओळींवरून बोट फिरवत गेले, एका जागी थांबले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तिला दिसत नव्हतं ते तिने ऐकून ओळखलं होतं, आणि मी सकाळी तेच वाक्य जसंच्या तसं तिसऱ्या उत्तरात उतरवून आले होते, त्याचा काही विचार न करता.

"सर," ताई घाईघाईने म्हणाली, "तिची ओळ सुटली असेल. माझ्या किती सुटतात! मुद्दाम थोडंच कुणी सोडतं?"

तिने फ्रॉकच्या खिशातून पुठ्ठ्याची पट्टी काढली. कडा मळलेल्या, औषधाच्या नावाची निम्मी अक्षरं अजून दिसत होती. ती तिने माझ्या हातात दिली. "ही लाव. म्हणजे नाही सुटत."

सरांनी चष्मा वर सरकवला. त्यांनी कागद मला परत केला.

मी पट्टी कागदावर ठेवली. खिडकीत एकच ओळ दिसत होती. मी एकेक ओळ खाली सरकवत वाचलं, विरामाला थांबत, जसं बाई वाचायच्या तसं. पुराचं वाक्य आलं तेव्हा तेही पूर्ण वाचलं. ताईने "हां" म्हटलं, हवी ती वस्तू फडताळात सापडावी तसं. मग ती बोलू लागली आणि सर लिहू लागले. चौथ्या प्रश्नाला मी लिहिलं होतं, 'नावाड्याला आनंद झाला.' ती म्हणाली, "दोन्ही. बायको आता कधी अडकणार नाही म्हणून आनंद. आणि आपली गरज संपली म्हणून दुःख. एकाच वेळी दोन्ही होतं माणसाला." सरांनी ते शब्दाला शब्द लिहिलं.

ती पास झाली. वाचनात आणि शुद्धलेखनात काठावर, उताऱ्यात वीसपैकी अठरा. आण्णांनी आत्याला पत्र टाकलं, स्थळ नको म्हणून. कंपनीच्या कॅन्टीनमधून बर्फी आणली आणि पहिला तुकडा तिच्या तोंडात घातला. पहिला नंबर माझाच होता. दुसरा तुकडा मला मिळाला. मी तो खाल्ला, पण चव लागली नाही.

हेडसरांनी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. पुढच्या वर्षीपासून मात्र वाचायला दुसऱ्या शाळेतल्या एक निवृत्त बाई येऊ लागल्या, आणि आमच्या मराठीच्या बाईंचं म्हणणंच बरोबर होतं, एवढंच सर म्हणाल्याचं कानावर आलं.

मी ताईला विचारायला बरीच वर्षं लावली. दोघींची लग्नं झाली होती. दोघी माहेरी आलो होतो, ती मेथी निवडत बसली होती. मी म्हटलं, "तुला तेव्हा कळलं होतं ना? ओळ सुटली नव्हती ते?"

"हो," ती म्हणाली. "तुझ्या आवाजावरून. लहानपणी गूळ चोरून आलीस की असाच यायचा."

"मग सरांना सांगितलं का नाहीस? पट्टी कशाला दिलीस?"

तिने एक काडी बाजूला टाकली. "सांगितलं असतं तर त्यांनी तुला बाहेर काढलं असतं. मग मला वाचून कोण दाखवणार होतं? मला पास व्हायचं होतं गं."

मला वाटलं होतं की तिने मला माफ केलं होतं. इतकी वर्षं मी त्या माफीवरसुद्धा जळत होते, की हिला हेही जमतं. तिने मेथीची अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली आणि मी निवडायला बसले.